दहा स्लाइड आणि खिडकीचं पाकीट

अड्याळच्या बसस्टँडसमोर दीपमाला शहारेचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, पासपोर्ट फोटोसाठी टांगलेला निळा पडदा आणि पडद्यासमोर एक स्टूल, एवढाच संसार. लग्नपत्रिका इथेच छापून मिळतात. फ्लेक्सचं डिझाईन मात्र इथे होतं आणि छापून भंडाऱ्याहून येतं. नऊ वर्षांत तिनं एवढे वाढदिवस, स्वागतं, निवडी आणि भावपूर्ण श्रद्धांजल्या केल्या, की आसपासच्या वीस गावांतली तोंडं तिच्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. कोणाचा चेहरा किती मोठा घ्यायचा, कोणाला कोणाच्या शेजारी मुळीच बसवायचं नाही, हे तिला तोंडपाठ असतं. एखादा शुभेच्छुक राहिला, तर तो संध्याकाळी दुकानात येऊन उभा राहतो आणि पैसे फ्लेक्सवाल्याचे बुडतात. सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात 'डिझाईन : दीपमाला ग्राफिक्स, अड्याळ' असं येतं. ते कोणी वाचत नाही, आणि वाचावं अशी तिची अपेक्षाही नसते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा दीपमाला तिसरीत होती. शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा रंगीत नकाशा होता. एक दिवस गुरुजींनी तिच्या हाती चुन्याचा कुंचा दिला आणि तिच्याकडून अर्धा नकाशा पुसून घेतला. पुसताना तिला रडू आलं होतं, कारण त्यातली गावांची नावं तिनं नुकतीच पाठ केली होती. डिझाईनच्या धंद्यात काढून टाकणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, हे तिला तेव्हापासून ठाऊक आहे. गिऱ्हाइकांना ते अजून पटलेलं नाही.

चटणीची गोष्ट गिरजाबाईंपासून सुरू झाली. गिरजाबाई म्हणजे दुकानामागच्या गल्लीतल्या साठीच्या बाई. त्यांच्या हातच्या जवसाच्या चटणीसाठी लोक डबे घेऊन दारात यायचे. भूपेंद्र गभणे हा दीपमालाच्या वर्गातला, घरचं किराणा ठोक दुकान सांभाळणारा. त्यानं ठरवलं, ही चटणी पाकिटात घालून विकायची. कंपनी काढली, फूड लायसन्स काढलं, नाव ठेवलं 'गिरजाई'. जवस भाजायच्या मशीनला त्याच्या काकांनी, गोमाजींनी, पैसे दिले. पाकिटाचं काम अर्थातच दीपमालाकडे आलं आणि पैशांऐवजी तिनं कंपनीत लहानसा वाटा घेतला. बघता बघता गिरजाबाईंच्या हाताखाली आठ बाया कामाला लागल्या.

आता दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत गाडी अडली होती. चटणी टिकण्यासाठी पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरावा लागतो, आणि तसं मशीन त्यांच्याकडे नव्हतं. माल डब्यांत भरून नागपूरला न्यायचा, तिथल्या एका कारखान्यात पॅक करून घ्यायचा, असं चाललं होतं. त्या कारखानदारानं निरोप धाडला, की एक मार्चपासून बाहेरचा माल घेणार नाही. म्हणजे मार्चमध्ये मशीन नसेल, तर गिरजाई बंद आणि आठ बाया पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर रोजीनं. नागपूरला नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या लोकांचा एक गट होता. त्यांनी भूपेंद्रला सादरीकरणासाठी बोलावलं होतं. दहा स्लाइड, सहा मिनिटं. फाईल शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि सोमवारी उभं राहून बोलायचं.

बुधवारी सकाळी भूपेंद्र पेनड्राइव्ह घेऊन आला.

"झालं, पाह्य. फक्त रंगरूप देऊन दे."

दीपमालानं फाईल उघडली. सत्तावीस स्लाइड. पहिलीवर सुस्वागतम्, दुसरीवर महापुरुषांना वंदन, तिसरीवर 'मान्यवरांचे हार्दिक स्वागत'. चौथीवर प्रास्ताविक. पाचवीपासून गावाची माहिती, तलावाचा फोटो, उद्घाटनाचे चौदा फोटो, मग चटणीचे फायदे बारीक अक्षरात तीन पानं. चटणी कोण घेतं हे एकोणिसाव्या स्लाइडवर. शेवटी आभार प्रदर्शन, त्यात एकेचाळीस नावं.

"भूपेंद्र, हे काय होय? शाळेचं गॅदरिंग होय का?"

"काहून? छान तं आहे."

"सहा मिनिटं भेटतेत. तुहे मान्यवरच चार मिनिटं खाऊन टाकतेत!"

"पन बाई, आपल्याकडे कार्यक्रम असाच होते ना? आल्या आल्या कामाची गोष्ट केली, तं लोक म्हणतेत काय रीतभात आहे का नाही."

त्याचंही चूक नव्हतं. गावात याच क्रमानं सगळं होतं. आधी स्वागत, मग ओळख, मग भाषण आणि सगळ्यात शेवटी मुद्दा, तोही वेळ उरला तर. दीपमालाही आयुष्यभर याच कार्यक्रमांच्या पत्रिका छापत आली होती. म्हणूनच तिला जास्त राग येत होता. तिनं संघपाल सरांना फोन लावला. संघपाल सर मूळचे अड्याळचे, आता नागपूरच्या एका कॉलेजात नव्या उद्योजकांना मार्गदर्शन करतात. हे बोलावणंही त्यांच्याच खटपटीनं आलं होतं.

"दीपमाला, एका स्लाइडवर एकच गोष्ट," सर म्हणाले. "वरती पूर्ण वाक्य लिहायचं, नुसतं 'बाजारपेठ' असं नाही. आणि दहाही वाक्यं लागोपाठ वाचली, तर तीच गोष्ट झाली पाहिजे. मधलं एक काढलं आणि गोष्ट तशीच चालली, तर ते वाक्य फालतू आहे, फेकून दे. काढल्यावर गोष्ट लंगडली, तर ते खरं."

सांगायला काय जातं! दीपमालानं कॉम्प्युटर बंद केला, उरलेल्या लग्नपत्रिकांचे कोरे पुठ्ठे काढले आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली. एका पुठ्ठ्यावर एक वाक्य. दुपारपर्यंत तीस पुठ्ठे झाले. भूपेंद्र प्रत्येक पुठ्ठ्यावर 'अनं हेही टाक ना' म्हणत होता. जवसानं हृदय चांगलं राहतं, हेही टाक. आपला चिन्नोर तांदूळ नावाजलेला आहे, हेही टाक. "आपन तांदूळ विकतो का?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नाई, पन जिल्ह्याचं नाव होते ना."

तेवढ्यात गोमाजीकाका आले. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात पासपोर्ट साइज फोटोचं पाकीट.

"दीपमाला, माहा फोटो कोणत्या पानावर येते?"

"काका, फोटो नाही घेऊन राहिलो यात. जागाच नाही."

"जागा नाही? भाजाची मशीन कोनं देल्ली मंग?" काका स्टुलावर बसले ते उठेचनात. "फ्लेक्सवर सोळा जनाइचे फोटो बसवतेस, अनं इथं एकटा मी बसत नाही?"

ते म्हणत होते ते हिशेबानं बरोबरच होतं. तिनं समजावलं, पाहणाऱ्यांना काकांचा चेहरा बघायचा नाही, ही मंडळी काम करू शकतील का ते बघायचं आहे. काका म्हणाले, चेहरा पाहिल्याबिगर माणसावर विश्वास कसा बसन. भूपेंद्र दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला, आणि दीपमालाला त्या क्षणी काकांपेक्षा त्याचाच जास्त संताप आला. शेवटी काका खिशातलं फोटोचं पाकीट चाचपत निघून गेले. ते बोलून गेले असते तर परवडलं असतं.

गुरुवारी पुठ्ठे अकरावर आले, तरी गोष्ट जुळेना. घोडं दुसऱ्या स्लाइडवरच अडत होतं. भूपेंद्रनं इंटरनेटवरून एक वाक्य उचललं होतं : 'आजच्या धावपळीच्या जीवनात लोकांना स्वयंपाकाला वेळ नाही.' संघपाल सरांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "हे वाक्य नूडल्सवाला पण म्हणतो, इडलीच्या पिठावाला पण म्हणतो. तुमचं काय?"

तुमचं काय! दोन दिवस दुकानाचं काम बंद होतं, एका साखरपुड्याच्या पत्रिका तशाच पडल्या होत्या आणि हाती फरशीवर पसरलेले पुठ्ठे. तेवढ्यात गिरजाबाई डोक्यावरचा पदर सावरत आत आल्या. चटणीचा नवा घाणा चाखायला आणला होता. त्यांनी विचारलं, काय वाचून राहिल्या. दीपमालानं अकरा वाक्यं वाचून दाखवली.

गिरजाबाई ऐकून म्हणाल्या, "यात खवट झाल्याचं काहून नाही लिवलं वं?"

भूपेंद्रनं घाईनं दुकानाबाहेर डोकावून पाहिलं.

ती गोष्ट त्याला आणि दीपमालाला, दोघांनाही नको होती. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात पाचशे चाळीस पाकिटं परत आली होती. एकवीस दुकानांतून, पवनीपासून लाखांदूरपर्यंत. उघडलं की तेलाचा कुबट वास. भूपेंद्रच्या घरी तीन पिढ्यांचा दुकानदारीचा धडा असा, की माल वापस आला हे कोणाला कळू द्यायचं नाही. त्यानं पोती रातोरात नव्हे, भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना खड्ड्यात पुरली होती.

पण दीपमालाचं दुखणं त्याहून खोल होतं. चूक तिची होती. पाकिटावर तिनं खिडकी ठेवली होती. पानाच्या आकाराची पारदर्शक खिडकी, आतली तांबूस चटणी दिसावी म्हणून. तिच्या नऊ वर्षांच्या कामातलं तिला स्वतःला आवडलेलं पहिलं डिझाईन. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं, दुकानदारांनी पाकिटांच्या माळा दारातच उन्हात टांगल्या, आणि महिन्याभरात सगळं खवट. ते कशामुळे झालं हे शोधलं ते गिरजाबाईंच्या जिभेनं. माळेतली पाकिटं खवट, पण खोक्याच्या तळाशी अंधारात राहिलेली बरी, हे त्यांनी चाखून सांगितलं. जवस दळलं की त्याचं तेल मोकळं होतं. त्याला उजेड, ऊन आणि हवा लागली, की ते बिघडतं. खिडकीतून रोज दिवसभर उजेड आत जात होता.

त्यानंतर दीपमालानं जे केलं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. चटणी पूर्ण थंड झाल्यावरच भरायची असं ठरवलं. खिडकी बुजवून आतून चंदेरी थर असलेलं बंद पाकीट आणलं, नागपूरला नायट्रोजनचं मशीन शोधलं. मग प्रत्येक पाकिटावर तारीख घालून तिनं चार ढीग केले. एक दुकानाच्या काचेपाशी उन्हात, एक कपाटात, एक गरम पत्र्याखाली, एक गिरजाबाईंच्या घरी. दर पंधरवड्याला एकेक फोडायचं, गिरजाबाईंनी चाखायचं, दीपमालानं वहीत लिहायचं. पाच महिने हे चाललं आणि चटणी टिकली. प्रयोगशाळेचा कागदही तसाच आला. जुन्या एकवीस दुकानांपैकी सतरांनी माल पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

"गिरजाबाई, ते झाकलं तेच बरं," भूपेंद्र म्हणाला.

"कायले झाकतं? सारी खटपट तं तीच होय. चटनी का कोनी करत नाही? पाट्यावर घरोघरी करतेत. टिकवून तुमीच दाखवली ना."

दीपमाला पुठ्ठ्यांकडे बघत राहिली. तिला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली, कारण म्हातारीनं एका वाक्यात दोन दिवसांचं कोडं सोडवलं होतं. तिनं 'धावपळीचं जीवन' फाडून टाकलं आणि नव्यानं लिहायला बसली. पहिल्या पुठ्ठ्यावर फक्त नाव आणि 'पाच महिने टिकणारी जवस चटणी'. दुसऱ्यावर 'विदर्भात घरोघरी खातात, पण दुकानात मिळत नाही.' तिसऱ्यावर 'कारण दळलेलं जवस महिनाभरात खवट होतं.' चौथ्यावर 'आमचीही पाचशे चाळीस पाकिटं खवट होऊन परत आली.' पाचव्यावर 'उजेडबंद पाकिटात तीच चटणी पाच महिने टिकली.' सहाव्यावर 'सतरा दुकानांनी पुन्हा माल घेतला.' पुढे गिऱ्हाईक कोण, त्याच फळीवर दुसरं काय विकलं जातं, मंडळी कोण, आणि शेवटी मशीनसाठी किती पैसे हवे. दहा.

तिनं मोठ्यानं वाचलं. गिरजाबाई मान डोलवत ऐकत होत्या. मधलं कुठलंही काढलं तरी गोष्ट अडखळत होती.

"चौथं नाही चालन," भूपेंद्र म्हणाला. "पैसे मागाले जायचं अनं आपला माल सडला म्हणून सांगाचं? आमच्या बाजारात असा माणूस पाह्यला नाही मी."

"तुह्या बाजारात कोनी पैसे मागत नाही, भूपेंद्र, उधार मागतेत. हे लोक वेगळे आहेत. चौथं काढलं तं सहाव्यातलं 'पुन्हा' कुठून आलं म्हणतीन ते?"

"तुले नाही समजत."

"मले नाही समजत? खिडकी कोनं कापली होती? मी! चौथं माह्याच अंगावर येऊन राहिलं, अनं मीच म्हणून राहिली ठेव!"

तिचा आवाज एवढा चढला की समोरचा पानठेलेवाला डोकावून गेला. भूपेंद्र हळूच म्हणाला, "ठीक आहे, ठेव." मग नवव्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "यात तुहा फोटो?"

नवव्यावर तिनं दोनच चौकटी आखल्या होत्या. चव गिरजाबाईंची, विक्री भूपेंद्रची. मोठे, सुटसुटीत चेहरे.

"डिझाईनवाल्याचा फोटो राहते का कुठं," ती म्हणाली. "अनं खिडकीवाली कायले दाखवाची?"

शुक्रवारी चार वाजून पन्नास मिनिटांनी फाईल गेली. प्रत्येक स्लाइडवर वर एक वाक्य, खाली एक चित्र. चौथीवर परत आलेल्या पाकिटांच्या ढिगाचा फोटो. मोबाइलमध्ये तो कसा राहिला होता कोण जाणे. ढिगातल्या पाकिटांच्या खिडक्या चमकत होत्या.

सोमवारी सकाळच्या बसनं भंडारा आणि तिथून नागपूर. वातानुकूलित खोलीत लांब टेबलापलीकडे पाच जण बसले होते. संघपाल सर मागच्या ओळीत, दीपमाला त्यांच्या शेजारी. भूपेंद्रनं दाढी केली होती, शर्ट नवा होता. पहिली स्लाइड झकास गेली. दुसरी, तिसरीही. बसमध्ये त्यानं चौथीचं वाक्य पाच वेळा म्हणून दाखवलं होतं.

तिसरी संपली, त्यानं बटण दाबलं. पाकिटांचा ढीग पडद्यावर आला न आला, आणि त्यानं पुन्हा दाबलं. थेट पाचवी. ढीग एखाद सेकंद दिसला असेल.

भूपेंद्र घाईघाईनं पुढे बोलत सुटला. सहावी स्लाइड आली, 'सतरा दुकानांनी पुन्हा माल घेतला.'

"एक मिनिट," टेबलाच्या मध्यभागी बसलेल्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "पुन्हा म्हणजे? आधी बंद केला होता का?"

"नाही मॅडम, म्हणजे... थोडा गॅप पडला होता."

"कशामुळे?"

"सीझन नव्हता."

"जवसाच्या चटणीला सीझन असतो?" शेजारचे गृहस्थ हसले. "आणि पाच महिने टिकते हे तुम्ही कशावरून म्हणता? तिसऱ्या स्लाइडवर तर महिन्यात खवट होते म्हणालात. मधे काय झालं?"

भूपेंद्रनं रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. भिंतीवरच्या घड्याळात चौथं मिनिट सुरू होतं. आठ बाया, मार्च, फरशीवरचे तीन दिवस, सगळं त्या एका दाबलेल्या बटणात वाया चाललं होतं. दीपमाला उभी राहिली तेव्हा आपण उभं राहिलो हे तिलाही कळलं नाही.

"भूपेंद्र, मागं घे. चौथ्यावर."

तो बघतच राहिला.

"मागं घे म्हटलं ना!"

त्यानं मागे घेतलं. पाकिटांचा ढीग भिंतभर आला, खिडक्यांसकट.

"हे मे महिन्यात झालं," दीपमाला म्हणाली. पुस्तकी मराठी बोलायचं तिनं ठरवलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला ते सुटलं. "पाचशे चाळीस पाकिटं वापस आली. या पाकिटाले खिडकी आहे ना, ती मी बनवली. चांगली दिसे म्हणून. उजेड आत जाऊन तेल खराब झालं. मंग मी खिडकी काढली." तिनं चार ढिगांचं सांगितलं, काचेपाशीचा, कपाटातला, पत्र्याखालचा, गिरजाबाईंच्या घरचा. पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली, प्रयोगशाळेचा कागद ठेवला. "पुन्हा म्हणजे हे. ज्यांनी माल फेकून देल्ला, त्यातल्या सतरांनी वापस घेतला. चार जन अजून घेत नाहीत."

बाईंनी वही चाळली. तारखा, ढीग, गिरजाबाईंचे शेरे. 'बरी.' 'बरी.' 'पत्र्याखालची थोडी उतरली.' त्यांनी वही शेजाऱ्याकडे सरकवली आणि भूपेंद्रला खुणेनं पुढे जायला सांगितलं. उरलेल्या स्लाइड भराभर गेल्या. नववी आली, दोन चेहरे.

"थांबा," बाई म्हणाल्या, आणि दीपमालाकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"मी... पाकिटाचं डिझाईन करते."

"या स्लाइडवर तुम्ही नाही."

"नाही."

"ज्यांनी हा प्रश्न सोडवला त्याच टीममध्ये नसतील, तर आम्ही पैसे कोणावर लावायचे?"

दीपमालाला राग आला, आणि नेमका कोणावर ते कळेना. नऊ वर्षं ती लोकांना सांगत आली होती, ज्याचं काम आहे त्याचाच चेहरा ठेवा, बाकीचे काढा. बाई म्हणाल्या, आज काही ठरवत नाही. दुरुस्त केलेली फाईल बुधवारपर्यंत पाठवा, मग बोलावू. त्या हो म्हणाल्या नव्हत्या, नाही पण म्हणाल्या नव्हत्या. मार्च आठ दिवसांवर होता.

परतीच्या बसमध्ये, भंडारा जवळ आलं तेव्हा, भूपेंद्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मालाची लाज वाटून नाही पुढं नेलं मी चौथं."

"मंग कायले नेलं?"

"त्या ढिगात तुही खिडकीच खिडकी दिसत होती. पाच जन परके लोक. म्हटलं, दीपमालाची चूक भिंतीएवढी करून कायले दाखवू."

दीपमालाला वाटलं, याच्या कानाखाली एक लगावावी. त्याच वेळी ते ऐकून बरंही वाटलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"मले वाचवाले कोनं सांगतलं होतं तुले? मी म्हणली होती का?"

"नाही."

"तं मंग!" ती म्हणाली, आणि पिशवी उचलून उतरायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकान उघडलं, फाईल उघडली, नववी स्लाइड काढली. दोन चौकटी बाजूला सारून तिसरीला जागा केली. मग स्वतःचा फोटो शोधायला बसली. हार्ड डिस्कमध्ये वीस गावांची तोंडं होती. गोमाजीकाकांचेच अकरा फोटो होते, टोपीसह आणि टोपीशिवाय. तिचा एकही नव्हता. शाळेचं ओळखपत्र सापडलं, त्यात दोन वेण्या होत्या.

अकराच्या सुमारास तिची आई, विमलाबाई, डबा घेऊन आली. दीपमालानं तिच्या हातात कॅमेरा दिला, बटण दाखवलं आणि निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. या स्टुलावर ती नऊ वर्षांत पहिल्यांदाच बसली होती. पाय कुठे ठेवायचे तेच कळेना.

"हस ना थोडी," विमलाबाई म्हणाली.

"हसाचं नसते यात, आई. दाब."

पहिल्या फोटोत डोकं अर्धं कापलं गेलं, दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसरा जमला. जरा रागीट आला होता, पण ओळखू येत होता. तिनं तो तिसऱ्या चौकटीत बसवला आणि वर वाक्य टाकलं : 'ही चटणी चाखणारी, विकणारी आणि टिकवणारी माणसं.' मग सवयीनं कर्सर खाली उजव्या कोपऱ्यात गेला आणि तिनं मुंगीएवढ्या अक्षरात 'डिझाईन : दीपमाला ग्राफिक्स' असं टाईप केलं. थोडा वेळ त्याकडे बघितलं, मग ते पुसून टाकलं आणि फाईल पाठवून दिली.